ऑप्शन चेनमधले खरे भाव आणि खोटे भाव

ऑप्शन चेन म्हणजे एकाच एक्स्पायरीच्या सगळ्या कॉल आणि पुट ऑप्शनांचा तक्ता. एनएसईच्या संकेतस्थळावर निफ्टीची चेन उघडली की मधोमध स्ट्राइकचा रकाना दिसतो, डावीकडे कॉल आणि उजवीकडे पुट. निफ्टीचे स्ट्राइक ५०-५० अंकांच्या अंतराने असतात, त्यामुळे एका तक्त्यात शंभराहून जास्त ओळी सहज भरतात. प्रत्येक ओळीत एकाच ऑप्शनचे तीन भाव असतात. बिड म्हणजे घेणारा या क्षणी द्यायला तयार असलेला सर्वांत चढा भाव. आस्क म्हणजे विकणारा मागत असलेला सर्वांत उतरता भाव. तिसरा एलटीपी, म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव. तिन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत छापलेले असल्यामुळे ते एकाच वेळचे आहेत असा समज होतो. घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

बिड आणि आस्क आत्ताचे असतात. एलटीपी मात्र दोन सेकंदांपूर्वीचा असेल, नाहीतर सकाळचा, आणि ज्या स्ट्राइकमध्ये आज सौदाच झाला नाही तिथे आदल्या दिवसाचाही असू शकतो. चेनमध्ये शेवटच्या सौद्याची वेळ दिलेली नसते, त्यामुळे शिळा भाव नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. निफ्टीच्या आसपासच्या स्ट्राइकमध्ये सौदे अखंड चालू असतात आणि तिथे एलटीपीवर विसंबले तरी फारसे बिघडत नाही. खरी अडचण खोल ‘इन द मनी’ ऑप्शनांची असते. तिथे सौदे थोडे आणि निफ्टी हलली की भाव जवळजवळ तितकाच हलतो.

उदाहरणासाठी एक कल्पित पण व्यवहारात दिसेल अशी चेन घेऊ. एक्स्पायरीला सात दिवस आहेत. २३,५०० च्या कॉलचा एलटीपी ४५२.३० आहे, बिड ५४६ आणि आस्क ५५८. याच स्ट्राइकच्या पुटचा बिड २१.८० आणि आस्क २२.१०. कॉलचा एलटीपी बिडपेक्षा जवळपास ९४ रुपयांनी खाली आहे. बाजारात कोणी ५४६ रुपये मोजायला उभा असताना ४५२ रुपयांना विकणारा शहाणा माणूस सापडणार नाही. म्हणजे तो सौदा निफ्टी शंभर-सव्वाशे अंकांनी खाली असतानाचा आहे आणि त्यानंतर या कॉलमध्ये कोणी हात घातलेला नाही. एलटीपी बिड-आस्कच्या बाहेर पडला की तो शिळा, ही पहिली चाचणी. दुसरी चाचणी व्हॉल्यूमची. काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींत एखाद्या ऑप्शनचा व्हॉल्यूम तेवढाच राहिला असेल, तर मधल्या वेळात सौदा झाला नाही आणि एलटीपी निदान तेवढा जुना आहे. व्हॉल्यूम शून्य असेल तर तो आजचा नाहीच.

असा शिळा भाव गणितात शिरला की काय होते ते याच ओळीत दिसते. कॉल आणि पुट यांच्या भावांत एक पक्के नाते असते, त्याला पुट-कॉल पॅरिटी म्हणतात. एकाच स्ट्राइकचा कॉल घेतला आणि पुट विकला, की एक्स्पायरीच्या दिवशी हाती येणारा हिशेब त्या स्ट्राइकला निफ्टी घेतल्यासारखाच असतो. म्हणून थोड्या दिवसांच्या एक्स्पायरीत, व्याजाचा किरकोळ परिणाम सोडून दिला तर,

```
C - P = F - K
```

इथे C आणि P हे कॉल-पुटचे भाव, K स्ट्राइक आणि F त्या एक्स्पायरीचा निफ्टीचा वायदा भाव. निफ्टीचे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे आहेत, म्हणजे हक्क फक्त एक्स्पायरीलाच बजावता येतो, त्यामुळे हे नाते इथे घट्ट बसते. अमेरिकेतल्या शेअरांवरच्या ऑप्शनांत हक्क मुदतीआधीही बजावता येतो, तिथे ते सैल होते.

आता बिड आणि आस्क यांच्या मधला भाव धरू. २३,५०० वर कॉल ५५२ आणि पुट २१.९५, फरक ५३०.०५, म्हणून F निघतो २४,०३०.०५. २४,००० वर कॉल १७४.९० आणि पुट १४५, म्हणजे F २४,०२९.९०. २४,१०० वर कॉल १२६.८० आणि पुट १९६.८०, म्हणजे F बरोबर २४,०३०. तीन वेगळ्या ओळींनी एकच साक्ष दिली. २३,५०० च्या ओळीत मधल्या भावाऐवजी कॉलचा एलटीपी घातला तर F येतो सुमारे २३,९३०, शंभर अंकांनी खाली. शिवाय हा कॉल निदान ५३० रुपयांचा असायला हवा. ४५२ रुपयांवरून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी काढायला गेले तर उत्तरच येत नाही, कारण कोणतीही व्होलॅटिलिटी धरली तरी इतका कमी भाव निघू शकत नाही. काही सॉफ्टवेअर अशा ठिकाणी मुकाट्याने शून्य लिहितात, आणि मग आलेखात अचानक खड्डा दिसतो.

म्हणून विश्लेषणात भाव म्हणून मधला भाव वापरावा आणि एलटीपी बाजूला ठेवावा. पण मधला भाव खरा असायला बिड आणि आस्क दोन्ही खरे असावे लागतात, आणि तेही नेहमी नसतात.

त्यातला सर्वांत चमत्कारिक प्रकार म्हणजे उलटे भाव, ज्यात बिड आस्कपेक्षा मोठा असतो. समजा २४,२०० च्या कॉलचा बिड ९१.४० आणि आस्क ८७.६० दिसतो. कोणी ९१.४० द्यायला तयार आहे आणि कोणी ८७.६० ला विकायला, तरी सौदा झालेला नाही! अमेरिकेत हे क्षणभर घडू शकते, कारण तिथे एकच ऑप्शन अनेक एक्स्चेंजांवर चालतो. एका ठिकाणचा बिड आणि दुसऱ्या ठिकाणचा आस्क एकत्र मांडला की काही क्षण ते एकमेकांना ओलांडतात. एनएसईवर सगळ्या ऑर्डरी एकाच संगणकीय वहीत येतात आणि जुळणारे भाव तिथल्या तिथे सौद्यात बदलतात. चालू बाजारात एनएसईचे पुस्तक उलटे राहूच शकत नाही. तेव्हा इथे उलटा भाव दिसला तर बाजारात काही घडलेले नाही. नोंद घेताना, साठवताना किंवा जोडताना काहीतरी चुकले आहे.

काय चुकले, ते उलट्या ओळी कुठे आहेत यावरून कळते. पुटच्या सगळ्या ओळी उलट्या आणि कॉलच्या सगळ्या सुलट असतील, तर रकान्यांची अदलाबदल झाली आहे. एनएसईच्या तक्त्यात कॉलच्या बाजूला स्ट्राइकपर्यंत `BID QTY`, `BID`, `ASK`, `ASK QTY` असा क्रम असतो. पुटचे बाकीचे रकाने आरशातल्या प्रतिमेसारखे उलट्या क्रमाने येतात, पण हे चार रकाने तिकडेही याच क्रमाने असतात. सगळेच उलटे असेल असे गृहीत धरून रकान्यांना नावे दिली की बिडचा आस्क होतो. हा दोष सापडला तर तो दुरुस्त करता येतो, एकही ओळ टाकावी लागत नाही.

उलट्या ओळी इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर बहुधा वेळेची गफलत असते: बिड ताज्या नोंदीतला आणि आस्क त्याआधीच्या नोंदीतला. अशा ओळीत आकड्यांची अदलाबदल करून सारवासारव करू नये. कोणता आकडा खरा ते कळायला मार्ग नसतो, म्हणून ती ओळ भावांच्या गणितातून वगळावी. मात्र एवढ्याने काम संपत नाही. ज्या गफलतीने ही ओळ उलटी झाली, तिनेच शेजारच्या ओळींतही दोन वेळांचे आकडे एकत्र आले असण्याचा संभव आहे. तिथे स्प्रेड रुंद असल्याने ते उघडे पडले नाहीत इतकेच. इथे पुन्हा पॅरिटी कामी येते. सगळ्या स्ट्राइकवरून F काढावा, त्यांचा मध्यक घ्यावा आणि ज्या ओळीचा F स्प्रेडच्या मानाने फार लांब पडतो ती संशयित धरावी.

शून्य बिडची गोष्ट वेगळी आहे, कारण ती बहुतेक वेळा चूक नसते. संकेतस्थळावर जिथे `-` दिसते, तिथे उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये अनेकदा 0 असतो. दोन्हींचा अर्थ एकच, घेणारा कोणी नाही. ‘भाव शून्य आहे’ असा तो अर्थ नव्हे. २७,००० च्या कॉलचा बिड ०.३५ आणि आस्क ०.४५ आहे असे धरू. २७,०५० ला बिड नाही, आस्क २. २७,१०० ला बिड ०.३० आणि आस्क ०.५५. २७,१५० आणि २७,२०० दोन्हींना बिड नाही, आस्क अनुक्रमे ५ आणि ४.५०. २७,२५० ला बिड ०.०५ आणि आस्क १२. शून्यालाच बिड मानून मधला भाव काढला, तर २७,००० चा कॉल ४० पैशांना, २७,०५० चा एक रुपयाला आणि २७,१५० चा अडीच रुपयांना पडतो. कॉलचा स्ट्राइक जितका वर, तितका भाव कमी असायला हवा. इथे तो चढत चालला आहे.

शिकागोच्या सीबीओईने २००३ मध्ये व्हिक्स निर्देशांकाची नवी पद्धत आणली, तिच्यात यावर एक साधा नियम आहे. मधल्या स्ट्राइकपासून बाहेर जात राहायचे, शून्य बिडचा स्ट्राइक वगळायचा आणि लागोपाठ दोन स्ट्राइक शून्य बिडचे आले की तिथेच थांबायचे. त्यापलीकडे बिड असला तरी तो घ्यायचा नाही. आपल्या उदाहरणात २७,०५० वगळला जातो, २७,१०० राहतो, २७,१५० आणि २७,२०० या जोडीपाशी थांबायचे आणि २७,२५० चा ०.०५ चा एकटा बिड बाहेर राहतो. हे योग्यच आहे. बारा रुपयांच्या आस्कसमोरचा पाच पैशांचा बिड काहीच सांगत नाही. एनएसईचा इंडिया व्हिक्स याच पद्धतीवर बेतलेला आहे, पण तिथे रुंद स्प्रेडवर रोख आहे: ३० टक्क्यांहून रुंद स्प्रेडचा भाव ग्राह्य धरत नाहीत आणि त्या स्ट्राइकचा भाव आजूबाजूच्या स्ट्राइकवरून वक्ररेषा जुळवून काढतात.

खोल ‘इन द मनी’ ऑप्शनला बिड नसेल तर कारण निराळे असते. ऑप्शनला किंमत भरपूर असते, पण त्या घडीला ऑर्डर लावलेली नसते. तो ऑप्शन सोडून त्याच स्ट्राइकचा दुसऱ्या बाजूचा, ‘आउट ऑफ द मनी’ असलेला ऑप्शन घ्यावा. वरच्या २३,५०० च्या ओळीत कॉलचा स्प्रेड १२ रुपये होता आणि पुटचा ३० पैसे. पुटवरून पॅरिटीने कॉलचा भाव काढला तर तो कॉलच्या स्वतःच्या बिड-आस्कपेक्षा नेमका मिळतो.

ओळ वगळणे म्हणजे ती पुसून टाकणे नव्हे. भाव निरुपयोगी ठरला तरी त्या स्ट्राइकचा ओपन इंटरेस्ट खराच असतो. पुट-कॉल रेशो काढताना शून्य बिडच्या ओळी आधीच गाळलेल्या असतील तर आकडा एका बाजूला झुकतो, आणि का झुकला हे नंतर कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीपुढे वेगळ्या रकान्यात कारणाची खूण करावी: शिळा, उलटा, बिड नाही, रुंद. मूळ आकडे तसेच राहू द्यावेत.

एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी मात्र यातले काही नियम ढिले पडतात. निफ्टी ऑप्शनचा भाव ५ पैशांच्या पटीतच हलतो. बिड ०.०५ आणि आस्क ०.१० असेल तर त्याहून अरुंद स्प्रेड शक्यच नाही, तरी मधल्या भावाच्या मानाने तो ६७ टक्के भरतो आणि ३० टक्क्यांच्या चाळणीत अडकतो. अशा ऑप्शनांसाठी टक्केवारी सोडून स्प्रेड पैशांत मोजावा लागतो. एक-दोन पायऱ्यांचा स्प्रेड चालवून घ्यावा, त्याहून मोठा वगळावा.