कानातली टिचकी, मनगटावरचं बटण

इअरबडवर दोनदा टिचकी मारली की पुढचं गाणं लागतं. फोनवर बोलणं चालू असताना तशीच टिचकी मारली तर कॉल बंद होतो. बोट तेच करतं, पण फोन त्या वेळी कशात गुंतलाय यावर त्याचा अर्थ ठरतो. कंपनीने ठरवून दिलेल्या या खुणा बऱ्याच बड्समध्ये बदलता येतात. बदलताना प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारावा: हे चुकून झालं तर काय बिघडेल? गाणं चुकून थांबलं तर परत लावता येतं. दवाखान्यातून आलेला कॉल चुकून नाकारला गेला तर ते महागात पडतं.

चूक होते कुठे, हे बड कसा बनवलाय त्यावर अवलंबून असतं. टिचकीचे बड स्पर्श ओळखतात. बोट टेकल्याने पृष्ठभागावरच्या विद्युतभारात होणारा फरक त्यांना कळतो. त्यामुळे पावसाचे थेंब, ओले केस, बड नीट बसवायला लावलेलं बोट, यांनाही ते कधी कधी टिचकी समजतात. आणि जाड हातमोजा घातला तर खरी टिचकीही त्यांना कळत नाही. चिमटीचे बड मात्र दाब ओळखतात. एअरपॉड्स प्रोची खाली आलेली दांडी दोन बोटांत धरून दाबावी लागते. त्यामुळे नुसत्या धक्क्याने आज्ञा जात नाही, आणि ओल्या हातानेही काम होतं.

आणखी एक गोष्ट अनेकांना खटकते. एकदा टिचकी मारल्यावर गाणं लगेच थांबत नाही, क्षणभर वेळ जातो. हा बिघाड नव्हे. दुसरी टिचकी येतेय का, याची बड वाट पाहत असतो. ज्यांची बोटं सावकाश चालतात त्यांच्या दोन टिचक्या मात्र दोन सुट्या टिचक्या म्हणून धरल्या जातात. एअरपॉड्स वापरणाऱ्यांना आयफोनच्या Settings मध्ये Accessibility, त्यात AirPods, तिथे Press Speed हळू करता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना बड्स देताना ही सेटिंग आधी बघावी.

आता एक उदाहरण पूर्ण लावून पाहू. समजा, एक नर्स कल्याणहून सकाळच्या लोकलने भायखळ्याला जाते. सॅमसंगचा फोन, टिचकीचे गॅलॅक्सी बड्स आणि मनगटावर गॅलॅक्सी वॉच. गर्दीत ओढणी सावरताना बडला बोट लागतं आणि गाणं थांबतं. खिडकीशी कानावर हात टेकून डुलकी लागली की बड दाबून धरल्यासारखा होतो, आणि त्याच वेळी फोन आला तर तो परस्पर नाकारला जातो, कारण वाजणारा कॉल नाकारायची खूण तीच असते.

तिने Galaxy Wearable ॲप उघडावं, बड्स कानात असू द्यावेत, आणि Touch controls मध्ये जावं. तिथे गाण्याच्या खुणा आणि कॉलच्या खुणा वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात. पहिलं काम, एका टिचकीची खूण बंद करायची. ओढणीचा त्रास तिथेच बराचसा संपतो. दुसरं, कॉल आल्यावर दाबून धरायची खूणही बंद करायची. कॉल नाकारण्याआधी तो कोणाचा आहे हे पाहावं लागतं, आणि नाव घड्याळावर दिसतं, कानात दिसत नाही. म्हणून नाकारायचं काम घड्याळाकडे.

कॉलसाठी दोन टिचक्यांची खूण मात्र राहू द्यावी. इथे थोडी तडजोड आहे. कॉल उचलणं आणि संपवणं दोन्ही याच खुणेवर आहे, त्यामुळे ती बंद केली तर उचलायची सोयही जाते. त्यावर उपाय हाताच्या सवयीचा: बड बसवताना मधल्या सपाट भागाला हात लावायचा नाही, कडेने धरायचा.

राहिला आवाज. दाबून धरण्याला आवाजाचं काम देता येतं. डावीकडे धरलं की कमी, उजवीकडे धरलं की जास्त. पण बाहेर काय चाललंय हे कळावं म्हणून एकच बड घालणाऱ्याला यातली एकच बाजू हाताशी राहते. आवाज एकदा कमी केला की वाढवायला खिशातला फोन काढावा लागतो. म्हणून आवाज घड्याळाकडे सोपवणं बरं. गॅलॅक्सी वॉचच्या वरच्या बटणावर दोनदा दाबलं की कोणतं ॲप उघडावं, हे Settings मध्ये ठरवता येतं. हा पर्याय नव्या घड्याळांत Buttons and gestures मध्ये आणि जुन्यांत Advanced features मध्ये सापडतो. तिथे गाणी नियंत्रित करणारं Media Controller निवडावं. मग दोनदा बटण दाबलं की गाणं आणि आवाज दोन्ही मनगटावर येतात.

ॲपल वॉचमध्ये ही मोकळीक नाही. बाजूच्या बटणाची कामं ॲपलने ठरवून दिली आहेत: एकदा दाबलं की Control Center, दोनदा दाबलं की पैसे देण्याचं पाकीट, आणि दाबून धरलं की तातडीच्या मदतीचे पर्याय. 2022 पासून आलेल्या अल्ट्रा घड्याळांत मात्र वापरणाऱ्याला काम नेमून देता येईल असं वेगळं Action बटण आहे. आवाजासाठी गाण्याचा पडदा उघडून गोल चावी फिरवली की पुरतं. एअरपॉड्स प्रोच्या 2022 च्या दुसऱ्या पिढीपासून दांडीवर बोट वर-खाली सरकवूनही आवाज बदलतो. एअरपॉड्सच्या सेटिंगमध्ये Call Controls पाहून घ्यावं. एकदा दाबल्यावर आपला माइक बंद व्हावा की कॉल संपावा, हे तिथे ठरतं. एक दाब माइकला आणि दोन दाब कॉल संपवायला ठेवावेत. चुकून माइक बंद झाला तर पुन्हा एकदा दाबून चालू करता येतो.

घड्याळ आणि बड्स दोन्ही असणाऱ्यांचा एक गोंधळ वेगळाच असतो. कॉल घड्याळावरून उचलला की आवाज घड्याळाच्या स्पीकरमधून येतो आणि डब्यातले सगळे ऐकतात. म्हणून उचलायचं काम बडकडेच ठेवावं. ज्या स्वस्त घड्याळांवरून बोलता येतं त्यांत हे जास्त घडतं, कारण त्यांची फोनशी सहसा दोनदा जोडणी होते: एकदा ॲपमधून सूचनांसाठी आणि एकदा ब्लूटूथच्या यादीतून आवाजासाठी. फोनच्या ब्लूटूथ यादीत घड्याळाच्या नावापुढच्या चक्राच्या खुणेवर जाऊन Phone calls किंवा Calls हे बंद केलं की कॉलचा आवाज तिकडे जायचा थांबतो. सूचना ॲपमधून येतच राहतात, पण घड्याळावरून बोलता येत नाही. हे दोन्ही समजून मग निवड करावी.

सगळं लावल्यावर घरातल्या कोणाला तरी फोन करायला सांगून तपासावं. आधी गाणं चालू असताना प्रत्येक खूण करून बघावी, मग कॉल वाजताना, मग बोलणं चालू असताना. तीनही वेळा एकाच खुणेचं काम वेगळं असू शकतं, आणि गाण्यावर तपासलेली खूण कॉलमध्ये तशीच वागेल असं धरता येत नाही. शेवटी बड मुद्दाम काढून परत बसवावा. तेवढ्याने काही सुरू किंवा बंद झालं, तर ती खूण बंदच केलेली बरी.

नवे बड्स घ्यायचे असतील तर दुकानातच विचारावं की त्यांचं ॲप आहे का, आणि त्यात एकेक खूण वेगळी बंद करता येते का. ज्यांना ॲपच नाही त्यांच्या खुणा डबीतल्या कागदावर छापल्या असतील तशाच राहतात.