एका कुटुंबातली चार संयुगे

ॲसिड क्लोराइड, ॲनहायड्राइड, एस्टर आणि अमाइड या चौघांच्या रेणूत कार्बोनिल गट सारखाच असतो. कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेला असतो. फरक असतो तो त्याच कार्बनला चिकटलेल्या शेजाऱ्याचा. हा शेजारी क्लोरीन असेल तर तो कार्बनकडचे इलेक्ट्रॉन ओढतो आणि सुटूनही पटकन जातो. म्हणून ॲसेटिल क्लोराइडची बाटली दमट हवेत उघडली की धूर निघतो; हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. उलट अमाइडमधला नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी कार्बनला देऊन त्याची भूक भागवतो आणि सहजासहजी सुटतही नाही. ॲनहायड्राइड क्लोराइडच्या खालोखाल क्रियाशील, एस्टर त्याच्याहून मंद, तर अमाइड सर्वांत थंड.

या क्रमाने रूपांतराची दिशाही ठरते. वरच्या पायरीवरून खाली उतरणे सोपे असते. ॲसिड क्लोराइडला अल्कोहोल दिले की एस्टर मिळते, अमोनिया दिला की अमाइड. अमोनिया मात्र दुप्पट घ्यावा लागतो, कारण त्यातला अर्धा सुटलेले हायड्रोजन क्लोराइड शोषण्यात खर्च होतो. वर चढायचे तर संयुगाचे आधी पाण्याने विघटन करून कार्बोक्सिलिक आम्ल मिळवायचे आणि त्यावर थायोनिल क्लोराइडची क्रिया करायची. सोबत तयार होणारे सल्फर डायऑक्साइड व हायड्रोजन क्लोराइड वायुरूपात निघून जातात आणि मागे ॲसिड क्लोराइड उरते.

या क्रमाचा उपयोग पॅरासिटामॉल बनवताना दिसतो. त्यासाठी पॅरा-ॲमिनोफिनॉलच्या नायट्रोजनवर ॲसेटिल गट बसवायचा असतो. ॲसेटिल क्लोराइड घेतले तर ते पाण्याशी जोरात अभिक्रिया करून वाया जाते. एथिल ॲसेटेट घेतले तर अभिक्रिया फारच रेंगाळते. ॲसेटिक ॲनहायड्राइड मात्र नेमके मधले. पाण्यात मिसळले तरी त्याला पाण्याआधी नायट्रोजन गाठतो आणि अमाइड तयार होते.

याच रेणूत हायड्रॉक्सिल गटही असतो. ॲनहायड्राइड जास्त पडले आणि मिश्रण तापले, तर तोही ॲसेटिल गट घेऊन एस्टर होतो. शुद्ध पॅरासिटामॉल सुमारे १६९ अंश सेल्सिअसला वितळते. भेसळ असेल तर वितळणे त्याआधीच सुरू होते आणि ते लांबते, त्यावरून ती ओळखता येते. मग सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडा वेळ कोमट ठेवले की एस्टर तुटते, अमाइड टिकते. द्रावण आम्लधर्मी केल्यावर पॅरासिटामॉलचे स्फटिक खाली बसतात. अमाइड तोडायलाच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बराच वेळ उकळावे लागते.

ॲस्पिरिनही ॲसेटिक ॲनहायड्राइडपासूनच बनते, पण ते एस्टर आहे. दमट जागी ठेवलेल्या त्याच्या जुन्या गोळ्यांना व्हिनेगरचा वास येतो, कारण बाष्पाने एस्टर तुटून ॲसेटिक आम्ल सुटते. असा वास येणाऱ्या गोळ्या वापरू नयेत.