ट्रंकेतल्या अकरा तारा

तार आली म्हटले की एके काळी घरातल्या बायका आधी डोळ्यांना पदर लावीत आणि मग पाकीट फोडीत. 14 जुलै 2013 रोजी आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. त्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याच्या हाती वाटूरच्या घरी आजोबांची ट्रंक लागली, तेव्हा त्यातले पिवळट कागद काय आहेत हेच त्याला आधी उमगेना. ते घेऊन तो माझ्याकडे आला.

आजी 1968 साली तरुणपणीच वारली, त्या वेळच्या त्या सांत्वनाच्या तारा. एकूण अकरा.

“सर, सगळ्यांचं अक्षर एकच कसं?” त्याने पहिलाच प्रश्न केला. मी सांगितले, हे अक्षर पाठवणाऱ्याचे नव्हे, तार उतरवून घेणाऱ्या मास्तरांचे. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूरही सारखाच: ऐकून दुःख झाले, ईश्वर शांती देवो. पत्त्यात ‘जिल्हा परभणी’ पाहून तो पुन्हा अडला. परतूर तालुका 1981 साली जालना जिल्ह्यात आला, त्याआधीचा हा पत्ता.

दहा तारा मी बाजूला ठेवल्या. अकराव्या तारेला तिचे पाकीट टाचणीने जोडलेले होते. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती.

तार वाचताना मजकुराआधी वरची ओळ पाहावी. तार कोठून निघाली, शब्द किती, कोणत्या तारखेला व किती वाजता दिली, हे सारे तेथे असते. ही नागपूरहून निघालेली, 18 तारखेची, सकाळची. मजकूर: ‘अस्थिविसर्जनास थांबा. परवा पोहोचतो.’ खाली धाकट्या चुलत आजोबांचे नाव. जवळच्या तारघराचा शिक्काही 18 चाच. पण तेथून पुढे गावी तार टपालाने आलेली, आणि पाकिटावर वाटूरचा शिक्का 21 चा.

विद्यार्थी गप्प झाला. घरातली कथा त्याला पाठ होती. 20 तारखेला सकाळी अस्थी गोदावरीवर नेल्या, संध्याकाळी काका येऊन थडकले. “तार केली होती,” ते म्हणाले. “आली नाही,” आजोबा म्हणाले. काकांना ते खोटे वाटले, आजोबांना काकांचे. त्याच रात्री काका परत फिरले. पुन्हा त्या उंबऱ्यावर आले नाहीत.

“म्हणजे दुसऱ्या दिवशी आजोबांना कळलं होतं?”

टाचणी कोणी लावली हे कागद सांगत नाही. पण ट्रंकेची किल्ली आजोबांच्या जानव्याला असे, एवढे तो जाणत होता. अहंकार, की लाज, की उद्या लिहू म्हणता म्हणता सरलेली वर्षे, यांतले नेमके काय, हे मी त्याला कसे सांगणार? वडीलधाऱ्यांविषयी असल्या बाबतींत निकाल देण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

काका आता नाहीत. त्यांचे चिरंजीव नागपुरास असतात. विद्यार्थ्याने तार व पाकीट दोहोंच्या नकला काढल्या आणि माझ्याच टेबलाशी बसून पत्र लिहायला घेतले. ‘तीर्थरूप काकांस’ इतके लिहून तो बराच वेळ थांबला.

“सर, पुढे काय लिहू?”

“18 आणि 21,” मी म्हणालो. “आधी तारखा लिही.”