दहावीची कव्हरं

'थाई लाइफ इन्शुरन्स'ची 2014 साली गाजलेली 'अनसंग हीरो' ही जाहिरात जवळपास तीन मिनिटांची आहे. तेवढ्या वेळात एका साध्या माणसाशी आपली ओळख होते, मग तो आवडू लागतो. पंधरा सेकंदांत ओळखीला सवड नसते. त्यात शेवटचे तीन-चार सेकंद कंपनीचं नाव आणि कायद्याने लागणारा मजकूर घेतो, म्हणजे गोष्टीला उरतात अकरा-बारा. या घाईत हार घातलेला फोटो आणि हतबल बायको हाताशी येतात. पण तसा फोटो बघणाऱ्याच्या घरातही असू शकतो. त्याचं दुःख आपण विक्रीसाठी वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग काय दाखवायचं? जून महिना. बाबा जमिनीवर बसून चौथीच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालताहेत. पहिले तीन सेकंद फक्त हात आणि कागदाची सळसळ. पुढच्या चार सेकंदांत मुलगी विचारते, "बाबा, दहावीची पण तुम्हीच घालणार?" बाबा घडी दाबतात. "दहावीची तू घाल. पुस्तकं माझ्याकडे लागली." मुलगी पुढचं पुस्तक स्वतःकडे ओढते, आई कात्री सरकवते. मग कंपनीचं नाव.

इथे कुणी मेलेलं नाही, तरी विमा कशासाठी हे कळतं. बाबा पुढे असतील की नसतील, यावर कुणी बोलत नाही. पैशांची जबाबदारी मात्र त्यांनी उचलली आहे. मुलगी बिचारी ठरत नाही. संवाद जेमतेम दहा-बारा शब्दांचा आहे, म्हणून बाबांना उत्तराआधी क्षणभर थांबता येतं. सगळी भावना त्या थांबण्यात आहे. तिथे व्हायोलिन घातलं की प्रेक्षकाला रडायची सूचना दिल्यासारखं होतं.

"तुमच्यानंतर यांचं काय?" ही ओळ शेवटी जोडायचा मोह अनेकांना होईल. ती जोडली तर मघाचा प्रेमळ बाप एकदम आरोपी होतो, आणि हप्ता न परवडणारा प्रेक्षकही.

बाबांच्या वाक्यालाही मर्यादा आहे. साध्या मुदत विम्यात, हप्ते वेळेवर भरले असतील आणि आजारपणाची माहिती खरी दिली असेल, तर मुदतीत मृत्यू झाल्यावर ठरलेली रक्कम मिळते. मुदत सुखरूप संपली तर सहसा काही परत मिळत नाही. म्हणून "पुस्तकं माझ्याकडे लागली" चालतं, पण "तू डॉक्टर होणारच" चालणार नाही. शिवाय दहावीच्या पुस्तकांसाठी हा विमा पैसे साठवतो, असा समज होऊ नये म्हणून पडद्यावर 'मुदत विमा' हे शब्द वाचता येतील इतके मोठे हवेत.

काम जमलं का, हे पाहायला लहानपणी वडील गमावलेल्या कुणाला तरी, त्यांची तयारी असेल तर, ही जाहिरात आधी दाखवावी. त्यांना आपले वडील आठवले तर ठीक. आपल्या वडिलांचं काहीतरी चुकलं होतं असं वाटलं, तर संवाद पुन्हा लिहायला घ्यावा.