बाटलीतले बुडबुडे

बावीस वर्षांचा उंच, सडपातळ विद्यार्थी. सकाळी दात घासताना त्याच्या छातीत उजवीकडे कळ आली आणि खोल श्वास घेताना टोचू लागलं. एक्स-रेत फुप्फुस आक्रसलेलं आणि त्याच्याभोवती हवा दिसली. फुप्फुसाच्या टोकावरचा इवलासा फुगा फुटून ती छातीच्या पोकळीत शिरली होती. दवाखान्यात याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात.

आता नळी घालणार, या धास्तीने घरचे बसले होते. डॉक्टर मात्र त्याच्या दमाकडे, नाडीकडे आणि ऑक्सिजनकडे पाहत होते. सगळं ठीक होतं आणि दुखणं गोळीने थांबलं. चार तासांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा हवा वाढलेली नव्हती. मुलगा घरी गेला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३१६ रुग्णांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसती देखरेख ठेवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के जणांना नळी लागलीच नाही. अडकलेली हवा शरीर हळूहळू शोषून घेतं.

त्याला दम लागत असता, तर बारीक सुईनळीने हवा ओढून काढता आली असती. अडीच लिटर काढूनही हवा येतच राहिली, तर छिद्र अजून उघडं आहे असं समजून थांबतात आणि नळी घालतात.

वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या किंवा क्षयाने फुप्फुस खराब झालेल्या माणसाचं गणित निराळं. त्याच्याकडे श्वासाची शिल्लक कमी असते, म्हणून थोडी हवाही त्याला जड जाते आणि बहुधा नळीच लागते. अपघातानंतर किंवा एरवीही कधी हवा आत शिरते, पण बाहेर पडत नाही. मग दाब वाढून हृदयाकडे येणारं रक्त अडतं आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी एक्स-रेची वाट न पाहता आधी सुईने हवा सोडतात.

काखेखाली घातलेल्या नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण दोन सेंटिमीटर बुडालेलं असतं. हवा बाहेर येते, पण परत आत जात नाही. श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली झालं, की नळी मोकळी आहे असं समजावं. ते थांबलं तर दोन शक्यता असतात: फुप्फुस पूर्ण फुललं, किंवा नळी कुठेतरी मुडपली. उत्तर एक्स-रे देतो.

मोठी चूक होते ती रुग्णाला हलवताना. पाणी सांडेल म्हणून कुणीतरी नळीला चिमटा लावतं. बुडबुडे येत असताना चिमटा लावला, तर हवा आतच कोंडते आणि दाब वाढू लागतो. बाटली सरळ, छातीच्या खाली धरून नेली की पुरे. ती छातीच्या वर उचलली, तर पाणी उलटं आत जाऊ शकतं.

आठवडाभराने आलेल्या त्या विद्यार्थ्याचं फुप्फुस बरंच फुललं होतं. विमानप्रवासासाठी मात्र त्याला एक्स-रे पूर्ण स्वच्छ आल्यावर आणखी एक आठवडा थांबायला सांगितलं.