दोन रुपयांच्या झेरॉक्समधून किती सुटतं?

तहसील कचेरीसमोर आधार कार्डाची एक झेरॉक्स काढली की दुकानदार दोन रुपये घेतो. तिथून हाकेच्या अंतरावर कॉलेजच्या गेटाबाहेर तसंच मशीन आणि तसाच कागद असतो, पण दर एक रुपया. नोट्सचा गठ्ठा असेल तर पाऊण रुपयाही चालतो. दोन्हीकडे दुकानदाराला विचारलं तर उत्तर साधारण एकच मिळतं : पन्नास पैसे कागदाचे, उरलेले आपले. हे उत्तर निम्मंच खरं आहे. त्यात टोनर नाही, झिजणारे सुटे भाग नाहीत, वीज नाही आणि रद्दीत गेलेले कागदही नाहीत. हे सगळं जमेला धरलं की कोणत्या दरात धंदा आहे आणि कोणत्या दरात नुसती धावपळ, हे कळतं.

तालुक्याच्या गावातलं एक दुकान डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब करू. मिनिटाला तीस कॉपी काढणारं जुनं, दुरुस्त करून घेतलेलं एक मशीन. दिवसाला साधारण सहाशे कॉपी, महिन्याला सव्वीस दिवस काम. पुढचे भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. गावोगाव ते थोडे पुढेमागे होतील, पण मांडणी तीच राहील.

कागद : सगळ्यात मोठा वाटेकरी

ए-फोर कागदाच्या एका रिममध्ये पाचशे कागद असतात. रिम २४० रुपयांना पडली तर एक कागद ४८ पैशांना. इथं घासाघीस करण्याआधी रिम वजनकाट्यावर ठेवून पाहावी. ए-फोर कागद हा एका चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतो. त्यामुळे ७५ जीएसएमच्या सोळा कागदांचं वजन ७५ ग्रॅम भरतं आणि पूर्ण रिमचं साधारण २ किलो ३४० ग्रॅम. वेष्टनावर ७५ लिहिलंय आणि काटा २ किलो १९० ग्रॅमच्या आसपास थांबतोय, तर आतला कागद ७० जीएसएमचा आहे किंवा कागद मोजून कमी भरले आहेत. पाच-दहा रुपये स्वस्त मिळालेली रिम अशा वेळी स्वस्त राहत नाही. पातळ कागद मशीनमध्ये दोन-दोन ओढला जातो आणि पाठपोट काढला तर मागची अक्षरं पुढे दिसतात.

रद्दी याच खात्यात येते. फसलेली कॉपी, तिरकी आलेली कॉपी, मशीनमध्ये अडकून चुरगळलेला कागद यांचे पैसे कोणी देत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद हवेतला ओलावा धरतो, कडा वळतात आणि पेपर जाम वाढतो. उघडी रिम संध्याकाळी ट्रेमध्ये तशीच ठेवण्यापेक्षा वेष्टनात गुंडाळून ठेवली तर सकाळचे पहिले दहा-वीस कागद वाचतात. हिशेबात आपण तीन टक्के रद्दी धरू.

टोनर : बाटलीवरचा आकडा आणि खरा आकडा

टोनरच्या बाटलीवर किती पानं निघतील ते लिहिलेलं असतं. समजा बाटली ९०० रुपयांची आहे आणि तिच्यावर १४,००० पानांचा आकडा आहे. भागाकार केला तर पानाला साडेसहा पैसेसुद्धा पडत नाहीत. पण हा आकडा पानाचा सुमारे पाच टक्के भागच काळा होईल असं धरून दिलेला असतो. पाच टक्के म्हणजे मोकळ्या ओळींचं, लहानसं पत्र. दाट हस्ताक्षरातल्या नोट्स, शिक्के मारलेला सातबारा, फोटो असलेलं ओळखपत्र या सगळ्यांची सरासरी आठ टक्क्यांवर गेली, तर तीच बाटली पावणेनऊ हजार पानांत संपते आणि पानाला दहा पैसे पडतात.

टोनर सगळ्यात जास्त वाया जातो तो झाकण उघडं ठेवून कॉपी काढण्यात. घाई असते, पुस्तक जाड असतं, म्हणून झाकण वरच राहतं. काचेच्या मोकळ्या भागावर पडलेला उजेड परत येत नाही आणि मशीन तो भाग काळा समजतं. कादंबरीच्या नेहमीच्या आकाराचं एक पान ए-फोर कागदाचा जेमतेम निम्मा भाग व्यापतं. उरलेला निम्मा भाग काळा छापला गेला तर पाच टक्क्यांच्या दहापट टोनर लागला, म्हणजे साठ पैशांहून जास्त. एका कॉपीत टोनरचा खर्च कागदाच्या वर गेला. झाकण दाबून धरणं, नाहीतर पुस्तकावर पांढरा कागद टाकणं, किंवा मशीनमध्ये कडा पुसण्याची सोय असेल तर ती चालू करणं, एवढ्याने हा खर्च थांबतो. काळी चौकट असलेली कॉपी गिऱ्हाइकालाही आवडत नाही.

आपला खरा टोनर-खर्च काढायला अंदाजाची गरज नाही. नवी बाटली लावताना मशीनच्या काउंटरचा आकडा बाटलीवरच पेनने लिहायचा आणि पुढची बाटली लावताना पुन्हा बघायचा. दोन आकड्यांतल्या फरकाने बाटलीच्या किमतीला भागलं की आपल्या दुकानाचा, आपल्या गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांचा दर निघतो.

झीज आणि वीज

ड्रम, त्याची ब्लेड, डेव्हलपर, फ्यूजरमधले रोलर आणि कागद ओढणारी रबरं हे सगळं काउंटरबरोबर झिजतं. कॉपीवर उभी काळी रेघ आली की ब्लेड किंवा ड्रम गेला. छाप बोटाने पुसला जाऊ लागला की बहुधा फ्यूजर नीट तापत नाही. हा खर्च रोज दिसत नाही, एकदम पाच-सात हजारांचा येतो, म्हणून तो नशिबाच्या खात्यावर टाकला जातो. खरं तर तोही प्रत्येक कॉपीवर चढवायला हवा. एक लाख कॉपींमागे सुटे भाग आणि सर्व्हिस मिळून १२,००० रुपये धरले तर कॉपीला १२ पैसे होतात. टोनरपेक्षाही जास्त.

विजेचा प्रकार वेगळा आहे. कॉपी काढायला वीज फारच थोडी लागते. मशीन चालताना एक किलोवॉट ओढत असेल तर तासाभरात, म्हणजे अठराशे कॉपींत, एक युनिट. बारा रुपये युनिट धरलं तरी कॉपीला एक पैसाही पूर्ण होत नाही. वीज जाते ती मशीन गिऱ्हाइकाची वाट बघत उभं असताना. फ्यूजर गरम ठेवायला दोनशे वॉट लागत असतील तर दहा तासांत दोन युनिट, म्हणजे २४ रुपये. सहाशे कॉपींवर वाटले तर चार पैसे, पण दीडशेच कॉपी झालेल्या दिवशी सोळा पैसे. दुपारच्या मोकळ्या वेळात मशीन आपोआप झोपेल अशी वेळ लावून ठेवणं हाच यावरचा उपाय. आपण वीज एकूण पाच पैसे धरू.

एकपाठी आणि पाठपोट

आता बेरीज. एका बाजूची कॉपी : कागद ४८, टोनर १०, झीज १२, वीज ५, मिळून ७५ पैसे. तीन टक्के रद्दीचे दोन पैसे धरून ७७. दोन रुपयांच्या कॉपीत एक रुपया २३ पैसे सुटतात. एक रुपयाच्या कॉपीत २३ पैसे. पाऊण रुपयाला एकपाठी कॉपी काढली तर प्रत्येक कागदावर दोन पैसे खिशातून जातात.

पाठपोट काढल्यावर चित्र बदलतं. कागद एकच लागतो, ४८ पैशांचा. बाकीचे २७ पैसे दोनदा, म्हणजे ५४. रद्दी धरून एका कागदाला १०५ पैसे. पाऊण रुपया बाजू या दराने कागदामागे दीड रुपया येतो आणि ४५ पैसे सुटतात. जो दर एकपाठीत तोट्याचा होता, तोच पाठपोटमध्ये फायद्याचा ठरला. गिऱ्हाईक बाजू मोजतं, पण मोठा खर्च कागदाचा असतो, म्हणून हा फरक पडतो.

समजा चाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोनशे बाजूंच्या नोट्स हव्या आहेत आणि त्यांनी साठ पैसे दर मागितला. एकूण आठ हजार बाजू. पाठपोट काढल्या तर आठ रिम लागतील, ४,८०० रुपये येतील आणि कागदामागे १५ पैशांप्रमाणे ६०० रुपये सुटतील. एकपाठी काढून दिल्या तर सोळा रिम लागतील आणि १,३६० रुपयांचा तोटा होईल. शिवाय मिनिटाला तीसच्या वेगाने हे काम साडेचार तास मशीन अडवून ठेवतं. तहसीलच्या गर्दीच्या वेळी ते लावलं आणि दोन रुपयांचं गिऱ्हाईक शेजारी गेलं, तर ते सहाशेही हाती राहत नाहीत. गठ्ठ्याचं काम संध्याकाळी शटर अर्धं खाली आल्यावरच परवडतं.

महिन्याअखेरीस

आपल्या दुकानात दिवसाच्या सहाशे कॉपींपैकी अडीचशे सुट्या, दोन रुपयांच्या आणि साडेतीनशे बाजू पाठपोट, पाऊण रुपयाच्या आहेत असं धरू. सुट्यांतून ३०७ रुपये सुटतात, पाठपोटमधून ७९. मशीन सुट्या कॉपींसाठी निम्म्याहूनही कमी चालतं, पण सुटलेल्या पैशातला ऐंशी टक्के वाटा त्यांचा असतो. महिन्याला मिळून साधारण दहा हजार रुपये होतात. त्यातून सहा हजार भाडं, मशीनच्या किमतीचे दोन हजार आणि किरकोळ एक हजार गेले की एक हजार उरतात. दहा तास उभं राहणाऱ्या मालकाची मजुरी यात अजून धरलेलीच नाही.

म्हणूनच झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरणं सुरू होतं. झेरॉक्स गिऱ्हाईक दारात आणते आणि पोट बहुतेक वेळा या जोडकामांवर भरतं. पण झेरॉक्समधली गळतीही शोधता येते. रोज सकाळी आणि रात्री काउंटरचा आकडा वहीत लिहावा. काउंटर ६४० ने पुढे गेला आणि गल्ल्यात ६०० कॉपींचेच पैसे असतील, तर चाळीस कॉपी रद्दीत गेल्या, ओळखीत गेल्या किंवा त्यांचे पैसे घ्यायचे राहिले. चाळीस सुट्या कॉपी म्हणजे ऐंशी रुपयांची विक्री, महिन्याला दोन हजारांच्या वर. वरच्या हिशेबात मालकाच्या हाती उरलेल्या रकमेच्या ती दुप्पट आहे. दर वाढवण्याचा विचार करण्याआधी ही वही महिनाभर लिहावी, आणि मोठ्या कामाचा दर सांगण्याआधी एकच प्रश्न विचारावा : एकपाठी की पाठपोट?