साखर उतरण्याची भीती

इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदा रात्री ४५ वर उतरली, दरदरून घाम फुटला, की पुढे झोपताना मुद्दाम २२० राखली जाते. डोस चुकवला जातो, बिस्किटे खाल्ली जातात. मग शरीराला तीच पातळी सवयीची होते आणि १२० वरही हात थरथरतात. ही थरथर खरी असते, धोका नसतो. म्हणून आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल तरच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. डॉक्टरांशी बोलून झोपतानाचे लक्ष्य २०० वर आणावे, काही रात्री तीन वाजता तपासावे. आकडे सुरक्षित राहिले तरच १८०. मात्र ७० खाली जाऊनही काहीच जाणवत नसेल, तर लक्ष्य उतरवणे थांबवून आधी डोस तपासून घ्यावा.